पाळीआधीच्या त्रासावर कॅल्शियम, मॅग्नेशियम, बी सिक्स आणि व्हिटॅमिन डी

पाळीच्या आधीच्या आठ-पंधरा दिवसांत होणारी चिडचिड, रडू येणं, छाती दुखणं, अंगावर सूज आल्यासारखं वाटणं, सारखं गोड खावंसं वाटणं आणि पाळी सुरू झाली की दोन-चार दिवसांत हे सगळं ओसरणं, याला डॉक्टर पीएमएस म्हणतात. त्यावर चार गोळ्यांची नावं कायम ऐकू येतात, पण चौघींचा पुरावा एका मापाचा नाही. त्यातल्या त्यात बरा पुरावा कॅल्शियमचा आहे.

१९९८ साली अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली. साडेचारशेहून जास्त बायका होत्या, निम्म्यांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. तिसऱ्या पाळीपर्यंत कॅल्शियमवाल्यांचा त्रास ४८ टक्क्यांनी कमी झाला, आणि खोटी गोळी घेणाऱ्यांचा? ३० टक्क्यांनी! म्हणजे कॅल्शियमचा स्वतःचा हिशोब १८ टक्क्यांचा, बाकीचं गोळी घेतेय या विश्वासावर आणि महिन्या-महिन्यात त्रास तसाही कमीजास्त होतो त्यावर. जाहिरातीत ४८ छापतात, ३० कोण छापणार. पहिल्या महिन्यात तर दोन्ही गटांत म्हणावा असा फरकच नव्हता, त्यामुळे महिनाभर घेऊन "काय उपयोग नाही" म्हणणंही घाईचं.

आता सांगलीतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलीचं उदाहरण घेऊ. मेडिकलमधून आणलेल्या स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात १२५० लिहिलेलं असतं आणि तिला वाटतं एका गोळीत काम झालं, पण ते वजन कॅल्शियम कार्बोनेटचं, त्यात खरं कॅल्शियम ४० टक्के, म्हणजे ५००. खाली बारीक अक्षरात 'एलिमेंटल' म्हणून जो आकडा असतो तो बघायचा. जेवणातलं किती हेही धरायला हवं: एक ग्लास दुधात अडीचशेच्या आसपास, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, पण आपल्याकडं रोज होते ती ज्वारीची भाकरी, आणि शंभर ग्रॅम ज्वारीत तीसही भरत नाही. जावळी-पाटणकडं नाचणी खातात त्यांचं वेगळं, जत किंवा माणमधल्या ताटात कॅल्शियम येतं ते मुख्यतः दूधदह्यातूनच. कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यायची, एका वेळी ५०० च्या वर नको, आणि रक्तवाढीच्या लोहाच्या गोळीबरोबर नको कारण लोह नीट शोषलं जात नाही. थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. मुतखडा होऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

फरक पडला का हे कळायला तिनं रोज रात्री वहीत आकडे मांडायचे, प्रत्येक त्रासाला १ ते ६. आधी दोन पाळ्या काही न घेता, मग तीन पाळ्या गोळी घेऊन. समजा पाळीआधीच्या आठवड्याची बेरीज ६० होती ती ४० वर आली. एक तृतीयांश कमी, बरं वाटलं, पण जवळजवळ एवढं तर त्या चाचणीत खोट्या गोळीवरही झालं होतं, त्यामुळे पुढच्या दोन पाळ्या गोळी बंद करून वही चालू ठेवायची. बेरीज परत साठीकडं गेली तर गोळीला थोडं श्रेय द्यायला जागा आहे. आणि वहीत महिनाभर सगळेच आकडे चढे दिसले, पाळीनंतरही उतरले नाहीत, तर तो पीएमएस नव्हेच, थायरॉईड किंवा डिप्रेशनकडं बघायला हवं.

बी सिक्सचं प्रकरण जुनं आहे. १९९९ मध्ये नऊ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा दिवसाला १०० मिलिग्रॅमपर्यंत थोडा फायदा असावा असं निघालं, पण त्याच लेखकांनी बहुतेक चाचण्यांचा दर्जा कमी असल्याचंही लिहिलं. हे पाण्यात विरघळणारं व्हिटॅमिन, जास्तीचं लघवीवाटे जातं, असं म्हणून लोक बिनधास्त घेतात आणि इथंच फसतात. १९८३ मध्ये दिवसाला २ ग्रॅम आणि त्याहून जास्त घेणाऱ्यांचे पाय बधिर होऊन चालताना तोल जात असल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं, पुढं कमी डोसवरही तक्रारी दिसल्या, आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये दिवसाची मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. हातापायाला मुंग्या यायला लागल्या की गोळी बंद करून डॉक्टरांना दाखवायचं, ताकदीचं औषध म्हणून रेटायचं नाही.

मॅग्नेशियमवरच्या बऱ्याच चाचण्या तीस-चाळीस बायकांच्या, कुणाला सुजेवर फरक, कुणाला मूडवर, एकसारखं काही नाही. डोस वाढला की पातळ संडास, ते मात्र हमखास.

व्हिटॅमिन डीचा पुरावा यात सगळ्यात गोंधळाचा. ज्यांच्या आहारात डी आणि कॅल्शियम जास्त त्यांना पीएमएस कमी, असं अमेरिकेतल्या नर्सेसच्या पाहणीत दिसलं, पण त्यावरून गोळीनं त्रास जातो असं सिद्ध होत नाही, आणि गोळी देऊन केलेल्या चाचण्यांचे निकाल उलटसुलट आहेत. तपासणीत डी कमी निघालं तर हाडांसाठी ते भरून काढायचंच. फक्त ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्याला एक असतं, ते रोज दुधातून घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम चढून उलट्या, सारखी लघवी आणि किडनीला त्रास होतो, त्यात वर कॅल्शियमची गोळीही चालू असेल तर आणखीच.