शेवटी तीन लाख ठेवले तर हप्ता किती? PMT मधला चौथा आकडा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास खान्देशात ट्रॅक्टरची खरेदी जोरात असते आणि तेव्हा एक हिशेब हमखास ऐकू येतो. कर्ज 8 लाखांचं, त्यातले 3 लाख शेवटी कापसाच्या किंवा केळीच्या पैशांतून एकदम भरायचे, म्हणजे मासिक हप्ता फक्त 5 लाखांवर बसणार. वरवर पटतंही. पण व्याजदर वर्षाला 12 टक्के रिड्युसिंग, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज, आणि मुदत 48 महिने धरली, तर 5 लाखांचा हप्ता 13,167 रुपये येतो, आणि या कर्जाचा खरा हप्ता असतो 16,167 रुपये. फरक बरोबर 3,000 रुपयांचा. हे 3,000 कुठून आले, हे एकदा कळलं की अशा कर्जाचं सगळं गणित कळतं.

आधी एक्सेलमध्ये हप्ता काढून घेऊ. बहुतेक जण PMT मध्ये दर, हप्त्यांची संख्या आणि कर्जाची रक्कम एवढे तीनच आकडे देतात. चौथी जागा fv ची, म्हणजे शेवटचा हप्ता भरल्यावर उरणाऱ्या रकमेची. ती मोकळी सोडली की एक्सेल तिथे शून्य धरतं. आपल्याला तिथे 3 लाख हवेत:

```
=PMT(12%/12, 48, 800000, -300000)
```

उत्तर येतं -16,166.92. वजा चिन्ह म्हणजे पैसे आपल्या खिशातून जातात. कर्ज आपल्या हातात येतं म्हणून ते अधिक, शेवटचे 3 लाख आपण देणार म्हणून ते वजा. व्याजदर महिन्याचाच द्यायचा, म्हणून 12%/12. नुसतं 12% टाकलं तर एक्सेल ते दरमहा 12 टक्के समजतं आणि हप्ता 96 हजारांच्या वर जातो. आकड्यांत स्वल्पविराम टाकू नयेत. 8,00,000 असं लिहिलं की एक्सेलला ते तीन वेगळे आकडे वाटतात आणि सूत्रच स्वीकारलं जात नाही.

आता त्या 3,000 कडे येऊ. हे 8 लाख मनातल्या मनात दोन ढिगांत ठेवा, एक 5 लाखांचा आणि एक 3 लाखांचा. पहिला ढीग साध्या कर्जासारखा 48 महिन्यांत फिटतो, त्याचा हप्ता 13,167. दुसऱ्या ढिगाला आपण शेवटपर्यंत हातच लावत नाही. मुद्दल तसंच राहतं, पण बँकेचे 3 लाख आपल्याकडे असतात, म्हणून त्यांचं व्याज दर महिन्याला चढतं आणि दर महिन्याला भरावं लागतं. 3 लाखांचा 1 टक्का, म्हणजे 3,000. दोन्ही मिळून 16,167. PMT आतून हेच करतं, फक्त ते दोन ढीग आपल्याला दाखवत नाही.

पहिल्या महिन्यात हे उघड दिसतं. 8 लाखांचं व्याज 8,000. हप्ता 16,166.92, म्हणजे मुद्दलात गेले 8,166.92 आणि बाकी राहिली 7,91,833.08. यातला मुद्दलाचा प्रत्येक पैसा 5 लाखांच्या ढिगातून कमी झाला. दोन वर्षांनी तो ढीग 2,79,710 वर येतो, पण त्याच्या शेजारी 3 लाख जसेच्या तसे उभे असतात. म्हणजे निम्मी मुदत संपली तरी बाकी 5,79,710 असते. मध्येच ट्रॅक्टर विकून कर्ज मिटवायची वेळ आली, तर कामाचा आकडा हाच. जुन्या ट्रॅक्टरला तेवढा भाव मिळाला नाही, तर वरचे पैसे घरातून घालावे लागतात.

आणि कोणी हट्टाने 13,167 चाच हप्ता भरत राहिला तर? मग दुसऱ्या ढिगाचं व्याज भरलंच जात नाही, ते मुद्दलात मिळतं आणि त्यावर पुन्हा व्याज लागतं. 48 महिन्यांनी त्या 3 लाखांचे 4,83,668 झालेले असतात. विश्वास बसत नसेल तर शेवटची बाकी काढणाऱ्या FV सूत्राने पडताळा घ्या:

```
=FV(1%, 48, -13166.92, 800000)
=FV(1%, 48, -16166.92, 800000)
```

दुसऱ्या ओळीचं उत्तर -3,00,000 च्या जवळ येतं, एखाद-दुसरा रुपया इकडेतिकडे. बँकेने दिलेला हप्ता असाच तपासता येतो. मात्र दर फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ कर्जाच्या पूर्ण रकमेवर सांगितला असेल, तर तो या सूत्रात तसाच घालू नये, रिड्युसिंग दर मागून घ्यावा.

‘कमी हप्ता’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या जाहिरातीत या सोयीची किंमत लिहिलेली नसते. शेवटी काहीच न ठेवता हेच कर्ज फेडलं, तर हप्ता 21,067 आणि एकूण व्याज सुमारे 2,11,000. 3 लाख शेवटी ठेवले, तर व्याज सुमारे 2,76,000. दरमहा 4,900 रुपयांचा श्वास मिळतो आणि त्यासाठी चार वर्षांत जवळपास 65 हजार जास्त जातात. ज्याचं उत्पन्न पिकाच्या वेळीच येतं, त्याला हा सौदा परवडू शकतो. पण तो 65 हजारांचा सौदा आहे, हे माहीत असलं पाहिजे.

सगळ्यात जास्त चूक होते ती चिन्हाची. fv मध्ये 3 लाख अधिक चिन्हाने टाकले, तर एक्सेल कुरकुर न करता 25,967 चा हप्ता देतं. त्याचा अर्थ असा, की 8 लाख फेडून वर शेवटी 3 लाख आपल्याला परत मिळावेत, इतके पैसे आपण भरतोय. ओळखायची खूण सोपी आहे: शेवटी मोठी रक्कम ठेवूनही हप्ता 21,067 पेक्षा वाढला, तर चिन्ह चुकलं.

दुसरी गफलत करारपत्रातल्या एका ओळीवरून होते. PMT धरतं, की 48 वा हप्ता आणि 3 लाख एकाच दिवशी भरायचे. म्हणजे त्या दिवशी 3,16,167 लागतात. पण करारात 47 हप्ते आणि 48 व्या महिन्यात फक्त 3 लाख असं असेल, तर ते 3 लाख 47 व्या हप्त्यानंतर एक महिन्याने येतात. म्हणून त्यांना एक महिना मागे आणावं लागतं:

```
=PMT(1%, 47, 800000, -300000/1.01)
```

हप्ता येतो 16,435.

राहिला प्रश्न तारखेचा. आखाजीचा मुहूर्त साधला म्हणून व्याज एक दिवसही थांबत नाही. उलट एप्रिलमध्ये घेतलेल्या कर्जाचे 48 महिने पुन्हा एप्रिलमध्येच संपतात. तेव्हा कापसाचा पैसा बऱ्याच घरांत खर्च होऊन गेलेला असतो, केळीच्या मृगबागेचे घड अजून झाडावर असतात आणि वादळी वाऱ्याचे दिवस तोंडावर आलेले असतात. अशा वेळी 3 लाख उभे करणं अवघड. त्यापेक्षा मुदत 45 महिन्यांची मागावी, म्हणजे मोठी रक्कम जानेवारीत येते आणि तोवर कापूस विकलेला असतो. सूत्रात 48 च्या जागी 45 टाकलं की हप्ता 16,853 होतो, महिन्याला 686 रुपये जास्त.