पेनिसिलिनचं पुरळ म्हणजे जन्माची ॲलर्जी?

“मुलाला तापात अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिन गटातलं औषध दिलं, सहाव्या दिवशी अंगभर पुरळ आलं. आता पेनिसिलिन कायमचं बंद ना?”

नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी छाती-पोटावर सपाट लालसर ठिपके उठले, जागचे न हलता काही दिवसांत फिके पडले, मूल खेळतंय, तर बहुधा ते विषाणूचंच पुरळ असतं. खऱ्या तात्काळ ॲलर्जीत डोसनंतर साधारण तासाभरात खाजरी गांधी उठते, एकीकडे विरते, दुसरीकडे येते. सोबत ओठ सुजणं, उलट्या किंवा धाप.

ॲलर्जीचा शिक्का पुसायला तेच औषध तोंडावाटे देऊन चाचणी करतात, पण रुग्णालयातच, गंभीर ॲलर्जीवरचं ॲड्रेनालिन हाताशी ठेवून. मूल त्या दिवशी ठणठणीत हवं. सेटिरिझिनसारखं ॲलर्जी दाबणारं औषध साधारण पाच दिवस आधी थांबवतात, नाहीतर प्रतिक्रिया झाकली जाते. समजा मूल २० किलोचं आणि डॉक्टरांनी ठरवलेला डोस ५०० मिलिग्रॅम. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचा आधी १ मिलिलिटर, अर्ध्या तासाने उरलेले ९, मग किमान तासभर देखरेख. उशिराचं पुरळ घरी गेल्यावरही उठू शकतं, म्हणून पुढचे काही दिवस अंग बघत राहा.

मात्र पूर्वी फोड आले असतील, कातडी सोलली असेल, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा झाल्या असतील, तर ही चाचणी कधीच करायची नाही.

चाचणी निभावली की फाईलवरची ‘ॲलर्जी’ ही नोंद खोडून घ्या. नाहीतर पुढचा डॉक्टर तीच वाचतो.