'पे टू विन' म्हणजे नेमकं काय? एका शब्दाच्या गुंत्याची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत पोरं तासाचे पैसे मोजून काउंटर-स्ट्राइक खेळायची, तेव्हा 'पे टू विन'चा, म्हणजे पैसे देऊन जिंकायची ताकद विकत घेण्याचा, प्रश्नच नव्हता. पैसे खुर्चीचे, बंदुका सगळ्यांना सारख्या. 2016 मध्ये स्वस्त फोर-जी आलं आणि फुकटचे गेम खिशात येऊन बसले. पत्त्यांच्या रूपातले सैनिक आणि मारे वापरून लढायचा क्लॅश रॉयल त्याच वर्षीचा.

वाद तिथूनच गुंतला. कंपन्यांचं म्हणणं असं, की दुकानात मिळतं ते सगळं खेळूनही मिळतं, म्हणून हे 'पे टू विन' नव्हे. पैसे देणारा फक्त वेळ वाचवतो. ऐकायला पटतं, पण वेळ आणि ताकद कुठे वेगळी होते ते आकड्यांत बघावं लागतं. क्लॅश रॉयलमध्ये पत्ता एक लेव्हल चढला की त्याची ताकद सुमारे 10 टक्क्यांनी वाढते. बरीच वर्षं अकराव्या लेव्हलच्या मस्केटियर या बंदूकवालीचं आयुष्य 720 च्या आसपास आणि त्याच लेव्हलच्या फायरबॉल या आगीच्या गोळ्याचा मार 690 च्या आसपास होता. म्हणजे बरोबरीत ती वाचते आणि उलट गोळी झाडते. समोरच्याचा फायरबॉल बाराव्या लेव्हलचा असेल तर मार 758 च्या घरात जातो आणि ती जागीच मरते. तुमची चाल बरोबर असूनही डाव हातचा जातो. खेळत राहून ही दरी भरेल म्हणावं, तर कमाल लेव्हलच 13 वरून 2021 मध्ये 14 आणि 2023 मध्ये 15 झाली. ज्या शर्यतीची रेघ पुढे सरकते, तिथे वेळ विकणं म्हणजे ताकद विकणंच, असं आमचं स्पष्ट मत आहे.

याउलट डोटा 2 मध्ये सगळे हीरो पहिल्या दिवसापासून फुकट आहेत आणि विकले जातात ते कपडे. लीग ऑफ लेजंड्समध्ये आकडे वाढवणाऱ्या रुन्स खेळून मिळालेल्या नाण्यांनी घ्याव्या लागत. 2017 च्या शेवटी त्या सर्वांना मोफत झाल्या.

म्हणून गेम उतरवण्याआधी प्ले स्टोअरवर 'या अ‍ॅपबद्दल' उघडून प्रत्येक खरेदीची किंमत किती ते किती आहे ते बघा. उतरवल्यावर पहिला अर्धा तास दुकानातच घालवा. विकाऊ वस्तूच्या वर्णनात मार, आयुष्य, रीलोड असा एकही आकडा दिसला तर पुढचा प्रश्न विचारा: रँक्ड सामन्यात तो सगळ्यांचा सारखा केला जातो का? मित्रासोबत कस्टम रूममध्ये हे कळत नाही, कारण तिथे अनेकदा लेव्हल सारख्याच केलेल्या असतात. रँक्डमध्येच बघावं लागतं. मग शेवटच्या लेव्हलला किती पत्ते आणि नाणी लागतात ते शोधा आणि रोजच्या फुकट कमाईने भागा. उत्तर महिन्यांत आलं, तर पहिल्या आठवड्यातली सोपी जीत फसवी आहे. सुरुवातीला समोर तुमच्यासारखेच नवखे येतात, त्यामुळे ही दरी तेव्हा जाणवतच नाही.