बंद उपकरण आणि रिता होणारा सेल : पार्श्वभूमी

प्रश्न : डिजिटल व्हर्निअर कॅलिपर वापरून झाला की मी तो न चुकता बंद करून डबीत ठेवतो. वर्षभरात तो जेमतेम दहा-पंधरा वेळा बाहेर निघत असेल, तरीही दर वेळी बटण सेल उतरलेला सापडतो. बंद असलेले उपकरण सेल कसे खाते?

उत्तर : न वापरलेला सेल दोन वाटांनी रिता होतो. एक वाट सेलच्या आतच असते. तिला सेल्फ-डिस्चार्ज म्हणतात, आणि सेल उपकरणाबाहेर पडून राहिला तरी ती चालूच राहते. दुसरी वाट उपकरणातून जाते, म्हणजे उपकरण ‘बंद’ दिसत असतानाही त्यातून जो थोडासा स्टँडबाय करंट वाहत राहतो ती. शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न कोणी विचारला असता, तर दोष जवळजवळ नेहमी पहिल्या वाटेकडे गेला असता. आज तो बहुतेक वेळा दुसरीकडे जातो, आणि ही अदलाबदल कशी झाली हे समजले की कॅलिपरचे कोडेही सुटते.

जस्ताच्या सेलमधील अंतर्गत गळती फार लवकर लक्षात आली होती. बाजारात मिळणाऱ्या जस्तात लोखंड किंवा तांब्यासारख्या धातूंचे कण असतात. द्रावणात बुडाल्यावर असा प्रत्येक कण आणि त्याच्या शेजारचे जस्त मिळून एक अतिसूक्ष्म सेल तयार होतो, आणि बाहेर तार जोडलेली नसतानाही जस्त विरघळत राहते व हायड्रोजन सुटत राहतो. भौतिकशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत हिलाच ‘स्थानिक क्रिया’ म्हटलेले आढळते. विल्यम स्टर्जन यांनी १८३० मध्ये दाखवून दिले की जस्ताला पारा चोळल्यास ही क्रिया बरीच मंदावते, कारण पाऱ्याने झाकलेल्या पृष्ठभागावर हायड्रोजन सहजासहजी सुटत नाही.

हा उपाय दीडशेहून अधिक वर्षे टिकला. लेक्लांशे यांचा १८६६ चा ओला सेल, गासनर यांचा १८८६ चा कोरडा सेल आणि १९५९ पासून बाजारात आलेला अल्कलाइन सेल, या सगळ्यांत जस्त होतेच, आणि त्याला आवरण्यासाठी पाराही वापरला गेला. विषारी पारा काढून टाकणे १९९० च्या दशकात शक्य झाले, ते जस्त अधिक शुद्ध करून आणि त्यात इंडियम, बिस्मथ यांसारख्या धातूंचा अल्पसा अंश मिसळून. परिणामी आजचा चांगला अल्कलाइन सेल साधारण खोलीच्या तापमानाला वर्षाकाठी दोन-तीन टक्केच क्षमता गमावतो.

पुन्हा चार्ज होणारे सेल मात्र बराच काळ मागे राहिले. जुना निकेल-मेटल हायड्राइड सेल नुसता ठेवला तरी महिन्याला वीस ते तीस टक्के उतरत असे. त्याचे एक कारण मोठे गमतीदार आहे. दोन इलेक्ट्रोडमधला पडदा नायलॉनसारख्या पदार्थाचा असे, आणि तो हळूहळू विघटित होऊन नायट्रोजनची संयुगे तयार होत. ही संयुगे एका इलेक्ट्रोडवर ऑक्सिडाइज होत, दुसऱ्यावर पुन्हा मूळ रूपात येत आणि अशा येरझाऱ्या घालत आतल्या आत सेल रिता करीत. पडदाच बदलल्यावर ही वाट बरीचशी बंद झाली. सान्यो कंपनीने २००५ मध्ये असा सुधारित सेल आणला, तेव्हा वर्षभरानंतरही ८५ टक्के चार्ज शिल्लक राहतो असा तिचा दावा होता.

प्रश्न : मग सेल इतके सुधारले असताना तक्रार का टिकून आहे?

उत्तर : कारण त्याच काळात स्विचचा अर्थ बदलला. टॉर्चचा स्विच परिपथ खरोखर तोडतो, म्हणून टॉर्चमधील सेल उतरला तर दोष सेलचाच असतो. फ्रँक वॉनलास यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या सीमॉस परिपथांमुळे मात्र नवीच सोय झाली : परिपथ स्थिर असताना इतका कमी करंट घेतो की तो कायम जोडलेला ठेवणेही परवडते. एचपी-२५सी या १९७६ च्या कॅल्क्युलेटरमध्ये याचा लाभ स्पष्ट दिसतो. स्विच बंद केल्यावरही त्याच्या स्मृतीला वीज मिळत राही आणि लिहिलेला प्रोग्राम टिकून राही. पुढे सरकत्या स्विचची जागा दाबायच्या बटणाने घेतली. बटण दाबले गेले हे ओळखायलाच परिपथाचा काही भाग जागा राहावा लागतो. ‘बंद’ हा शब्द तेवढा जुनाच राहिला.

दोन्ही वाटांची तुलना करायची असेल, तर सेल्फ-डिस्चार्जलाही करंटच्या मापात बसवावे. बटण सेल एलआर४४ ची क्षमता साधारण १२० मिलिअँपिअर-तास धरू. वर्षाला तीन टक्के म्हणजे ३.६ मिलिअँपिअर-तास, वर्षाच्या ८७६० तासांनी भागले तर सुमारे ०.४ मायक्रोअँपिअर येतात. जणू तेवढा करंट सेल स्वतःच सतत खात असतो. आता कॅलिपर पाहा. अनेक स्वस्त डिजिटल कॅलिपरमध्ये बंद करण्याचे बटण फक्त पडदा विझवते. आतील संवेदक पट्टीवरील जागा शून्यापासून मोजत आलेला असतो. तो झोपला आणि तेवढ्यात जबडा सरकला तर शून्य हरवेल, म्हणून मोजणी अखंड चालू ठेवली जाते. हा करंट सुमारे २० मायक्रोअँपिअर धरल्यास १२० मिलिअँपिअर-तास ६००० तासांत, म्हणजे २५० दिवसांत संपतात. सेलच्या अंतर्गत गळतीच्या तो पन्नासपट आहे.

प्रत्यक्षात मुदत याहूनही कमी भरते. अल्कलाइन बटण सेलचा व्होल्टेज वापराबरोबर उतरत जातो, आणि बरीच क्षमता शिल्लक असतानाच आकडे लुकलुकू लागतात. त्याच आकाराचा सिल्व्हर ऑक्साइड सेल, एसआर४४, जवळजवळ शेवटपर्यंत १.५५ व्होल्टच्या आसपास टिकतो. म्हणून अशा उपकरणात तो घालणे मला शहाणपणाचे वाटते, मग तो थोडा महाग का असेना.

हाच हिशेब इतरत्र उलटाही पडतो. रिमोटमधील २५०० मिलिअँपिअर-तासांच्या अल्कलाइन पेन्सिल सेलची स्वतःची गळती साडेआठ मायक्रोअँपिअरच्या आसपास येते, तर चांगला रिमोट बटण न दाबता एखादाच मायक्रोअँपिअर घेतो. तेथे दोष उपकरणाला देता येत नाही. आणि २००० मिलिअँपिअर-तासांचा जुन्या धर्तीचा निकेल-मेटल हायड्राइड सेल महिन्याला २५ टक्के उतरत असेल, तर त्याची अंतर्गत गळती जवळपास ७०० मायक्रोअँपिअर भरते. स्टँडबाय करंट त्यात दिसणारही नाही.

प्रश्न : माझ्या उपकरणात नेमके काय घडते, हे कसे ओळखावे?

उत्तर : मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या टप्प्यावर ठेवून सेल आणि त्याचा संपर्क यांच्या मध्ये जोडावा, म्हणजे करंट मीटरमधूनच जाईल. अडचण अशी की या टप्प्यात मीटरचा स्वतःचा रोध मोठा असतो. उपकरण क्षणभर जागे होऊन जास्त करंट मागते, तेव्हा मीटरवरच व्होल्टेज पडतो आणि उपकरण पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागते. म्हणून आधी मिलिअँपिअरच्या टप्प्यावर सुरुवात करावी आणि उपकरण स्थिर झाल्यावरच खाली यावे. टप्पा बदलताना जोडणी तुटणार असेल, तर तेवढ्यापुरती मीटरच्या दोन्ही टोकांना तात्पुरती तार जोडून ठेवावी. मग पडदा चालू असताना एकदा आणि बंद केल्यावर एकदा आकडा लिहून घ्यावा. कॅलिपरमध्ये हे दोन आकडे जवळजवळ सारखेच निघाले, तर डबीत ठेवण्यापूर्वी सेल काढून घेणे एवढाच उपाय उरतो, आणि पुढच्या वेळी जबडे मिटवून शून्य नव्याने लावावे लागते.