ईआरपीतले जुने व्यवहार अर्काइव्ह करायचे? जिनिंग चालवणाऱ्या शेतकरी कंपनीसाठी पात्रता, कागदपत्रे आणि पद्धत

दिवाळीच्या सुमारास काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि नेमकी तेव्हाच ईआरपी बिल काढायला वेळ घेते. मग जुनी वर्षे उडवून टाकू, असे कोणीतरी सुचवते. उडवायची नाहीत, हलवायची आहेत. यासाठी कोणत्याही सरकारी कार्यालयात अर्ज लागत नाही. मुनीमजींनी लेखी प्रस्ताव द्यायचा आणि संचालक मंडळाने ठराव करायचा, इतकेच. काम पावसाळ्यात करावे, कारण तेव्हा जिनिंग बंद असते.

त्याआधी दुखणे खरेच जुन्या व्यवहारांचे आहे का, ते पाहा. डेटाबेसच्या प्रतीत फक्त चालू वर्ष ठेवून तेच बिल, तोच खातेउतारा काढा. वेळ तेवढाच लागला, तर दोष संगणकात, नेटवर्कमध्ये किंवा तारखेची मर्यादा न घालता उघडणाऱ्या रिपोर्टमध्ये आहे. अर्काइव्हचा खटाटोप मग करूच नका.

कोणते वर्ष पात्र?

हलवणे आणि नष्ट करणे यांचे नियम वेगळे आहेत. कंपनी कायदा 2013 च्या कलम 128 नुसार चालू वर्षाच्या लगत मागच्या 8 आर्थिक वर्षांची पुस्तके व्हाउचरसह जपावी लागतात. शेतकरी उत्पादक कंपनीही यातून सुटत नाही. म्हणजे 2026-27 चालू असताना 2018-19 पासूनचे सगळे हवे. जीएसटीची मुदत त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने असते. 2018-19 साठी ती तारीख 31 डिसेंबर 2020 होती, म्हणून मुदत 31 डिसेंबर 2026 ला संपते. कंपनीने मात्र 31 मार्च 2027 पर्यंत थांबायचे, दोन्हींतली लांबची तारीख धरायची. अपील किंवा चौकशी सुरू असेल, तर अंतिम निकालानंतर आणखी एक वर्ष ते रेकॉर्ड लागते.

मुदत संपलेली नसली तरी हलवायला हरकत नाही, फक्त माहिती पूर्ण, न बदललेली आणि मागताच वाचता येणारी राहिली पाहिजे. माझ्या मते 31 मार्च 2023 ही सोयीची रेषा आहे. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद, म्हणजे एडिट लॉग, सक्तीची झाली. त्या रेषेवर कापले की सक्तीच्या काळातला सगळा लॉग चालू सिस्टीममध्येच राहतो.

अडकते कुठे

उघड्या व्यवहारांपाशी. समजा, हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये जानेवारी 2020 चा 84,300 रुपयांचा चुकारा थांबला आहे. शेतकरी वारले आणि वारसांचा वाद मिटलेला नाही. आपण 2019-20 हलवले आणि सगळ्या शेतकऱ्यांची बाकी एका ठोक आकड्याने पुढे ओढली, तर ताळेबंद जुळेल, पण ते बिल कोणत्या काटा पावतीवरचे होते, हे चालू सिस्टीमला कळणार नाही. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर जीएसटी खरेदीदारानेच भरायचा असतो, त्यामुळे त्यासाठी कंपनीने स्वतःच्याच नावे काढलेले स्व-बीजकही त्याच बिलाशी बांधलेले असते. उघडी बिले म्हणूनच बिल क्रमांक आणि मूळ तारखेसह पुढे न्यायची. यंत्रांची मालमत्ता नोंदवही तर हलवायचीच नाही, तिच्यावर दरवर्षी घसारा काढायचा असतो.

प्रस्तावासोबतची कागदपत्रे

हलवायच्या प्रत्येक वर्षाचा सही झालेला ताळेबंद आणि तेरीज, उघड्या बिलांची यादी, त्या वर्षांची कोणतीही नोटीस किंवा अपील प्रलंबित नसल्याचे सीएंचे पत्र, आणि अर्काइव्ह कुठे, कोणाच्या ताब्यात राहील याची नोंद. प्रलंबित प्रकरण असेल, तर ते वर्ष प्रस्तावातून वगळा. मूळ पुस्तके नोंदणीकृत कार्यालयाबाहेर, समजा नागपूरला, ठेवायचे ठरवले, तर ठरावानंतर 7 दिवसांत कंपनी निबंधकाकडे एओसी-5 हा फॉर्म भरावा लागतो. इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यायचा, हा नियम आहेच.

प्रत्यक्ष काम

आधी पूर्ण बॅकअप घ्या आणि त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे हॅश आकडा, काढून ठरावाच्या फाइलीत लावा. फाइलीतले एक अक्षर बदलले तरी हा आकडा बदलतो. विंडोजवर आज्ञा अशी:

```
certutil -hashfile D:\archive\FY2019-20.bak SHA256
```

मग तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडा. 2019-20 मधले कोणतेही दहा शेतकरी निवडून त्यांचे खातेउतारे आणि काटा पावत्या काढून पाहा. तेरीज पैशापर्यंत जुळली, तरच चालू सिस्टीममधून ती वर्षे काढा. काढल्यावर 1 एप्रिल 2023 ची आरंभीची बाकी खातेनिहाय तपासा. खात्यांची एकूण बेरीज जुळूनही आत दोन शेतकऱ्यांची बाकी एकमेकांच्या नावावर गेलेली असू शकते, आणि ती चूक चुकाऱ्याच्या दिवशीच समोर येते.

अर्काइव्ह वाचणारी सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि तिचा परवानाही जपून ठेवा. ईआरपी बदलली की जुनी फाइल नव्यात उघडत नाही, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे बंद फाइल रेकॉर्ड म्हणून चालत नाही. म्हणून दरवर्षी ऑडिटच्या वेळी एक जुने वर्ष उघडून दाखवण्याचे काम सीएंच्या यादीत टाकून द्या.