चेक नोंदवही

चेक नोंदवही म्हणजे खात्यावर दिलेल्या प्रत्येक चेकची, तो वटण्याची वाट न पाहता, चेक लिहितानाच केलेली नोंद. बँक दाखवते ती शिल्लक फक्त वटलेल्या व्यवहारांची असते. चेक लिहून दिला तरी समोरचा तो बँकेत भरेपर्यंत आणि पुढे तो वटेपर्यंत पैसे खात्यातच दिसत राहतात. ते दिसतात, पण खर्चायला मोकळे नसतात. दिलेले पण न वटलेले चेक वजा केल्यावर उरते ती खरी शिल्लक, आणि ती सांगणे हे या वहीचे मुख्य काम.

वहीत तारीख, चेक क्रमांक, कोणाला व कशासाठी, रक्कम, वटल्याची खूण आणि चालू शिल्लक एवढे रकाने पुरतात. चेक फाडण्याआधी नोंद करावी, कारण तो हातातून गेल्यावर आठवणीने रक्कम भरणारे हमखास चुकतात. लिहिताना बिघडलेला चेकही क्रमांकासह ‘रद्द’ म्हणून नोंदवावा. क्रमांक सलग राहिले तरच मधला एखादा चेक हरवला किंवा कोणी काढून घेतला तर लक्षात येते.

समजा, महिन्याच्या सुरुवातीला खात्यात ६२,००० आहेत. पाच चेक दिले: २१४ क्रमांकाचा १५,०००चा, २१५ हा ८,३००चा, २१६ हा ५,५००चा, २१७ हा ६,७५०चा आणि २१८ हा २१,४००चा. त्यांतले २१५ आणि २१६ वटले, म्हणून बँक ४८,२०० शिल्लक दाखवते. न वटलेल्या तिघांची बेरीज ४३,१५०. म्हणजे खर्चायला उरतात फक्त ५,०५०. वहीतली चालू शिल्लकही तेवढीच येते, कारण तिच्यातून पाचही चेकचे ५६,९५० आधीच वजा झालेले असतात.

आता खातेदाराने ४८,२००चा आकडा पाहून कार्डाने १२,००० खर्च केले. खात्यात ३६,२०० राहिले. आधी २१८ आला आणि वटला, मग २१७ही वटला. उरले ८,०५०. त्यानंतर आलेला १५,०००चा २१४ परत गेला. दिलेला सर्वांत जुना चेक हाच होता. चेक कोणत्या क्रमाने दिले याच्याशी बँकेला कर्तव्य नसते. तिच्यापुढे जो जसा येईल तसा ती पाहते. त्यामुळे जादा खर्च एका ठिकाणी होतो आणि चेक भलत्याच माणसाचा परत जातो.

पासबुक किंवा स्टेटमेंट आले की वटलेल्या चेकपुढे खूण करायची. इथे नुसता क्रमांक पाहून खूण करणे ही नेहमीची चूक आहे. रक्कमही ताडून पाहावी लागते. वर २१७ची रक्कम ६,७५० ऐवजी ७,६५० अशी उतरली असती, तर चेक वटेपर्यंत ही चूक उघडच झाली नसती. न वटलेल्यांची यादी आणि चालू शिल्लक दोन्ही त्याच चुकीच्या नोंदीवर चालतात, म्हणून दोन्हीकडे ४,१५० येऊन हिशेब जुळल्यासारखा दिसतो. चेक वटल्यावर मात्र ९००चा फरक निघतो. फरकाला ९ने नि:शेष भाग जात असेल, तर बहुधा अंकांची अदलाबदल झालेली असते. फरकाची निम्मी रक्कम वहीत कुठे सापडली, तर तिथे वजाबाकीच्या जागी बेरीज झाली आहे का ते आधी पाहावे. यांपैकी काही नसेल, तर बँकेने परस्पर कापलेले शुल्क शोधावे; ते वहीला आपोआप कळत नाही.

जमेच्या बाजूला नियम उलटा. आपण भरलेला दुसऱ्याचा चेक वटेपर्यंत शिल्लकेत धरायचा नाही. थोडक्यात, देणे लगेच आणि येणे उशिरा मोजायचे.

महिनोन्‌महिने न वटलेला चेक हा वहीतला सर्वांत अवघड प्रश्न. मुदत देशागणिक वेगळी असते: भारतात २०१२पासून ती चेकवरील तारखेपासून तीन महिने आहे. अमेरिकेत सहा महिन्यांपेक्षा जुना चेक वटवणे बँकेवर बंधनकारक नाही, पण ती तो वटवू शकते. म्हणून मुदत गेली की रक्कम सरळ शिल्लकेत मिळवणे धोक्याचे. देणे फिटलेले नसतेच. आधी घेणाऱ्याला विचारावे, जुन्या चेकवर स्टॉप पेमेंट लावावे, वहीत तसा शेरा मारून रक्कम पुन्हा शिल्लकेत मिळवावी आणि बदली चेक नव्या क्रमांकाने पुन्हा वजा करावा.

संयुक्त खात्यात दोघांकडे वेगवेगळी चेकबुके आणि वेगवेगळ्या वह्या असतील, तर दोन्ही वह्या आपापल्या जागी बिनचूक असूनही खरी शिल्लक कोणालाच कळत नाही. तिथे वही एकच लागते.