जीन्सचा मऊपणा येतो कुठून आणि जातं काय

बेळगावच्या खडेबाजारात बळ्ळारीची जीन्स घेणारा गिऱ्हाईक आधी कापड चिमटीत धरून चोळतो. मऊ लागलं की 'माल चांगला'. पण डेनिम मागावरून उतरतं तेव्हा पुठ्ठ्यासारखं ताठ असतं. पुढे येणारा मऊपणा ताण्याची खळ धुऊन आणि कापूस काढून टाकून आणलेला असतो.

डेनिमची घडण आधी पाहू. वडगाव-खासबागच्या मागवाल्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. यात ताणा, म्हणजे उभा धागा, निळा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, पांढरा असतो. ताण्याचं सूत निळीत बुडवायचं, हवा लावायची, पुन्हा बुडवायचं, असं अनेकदा करतात. तरीही नीळ धाग्याच्या कडेलाच बसते, गाभा पांढरा राहतो. नेहमीच्या विणीत ताण्याचा धागा तीन बाण्यांवरून जाऊन एकाखाली दबतो, म्हणून दर्शनी बाजू निळी दिसते. त्यामुळे कापड घासलं की नीळ उडते आणि मार बसतो तो मुख्यतः ताण्याला. गुडघ्यावर फाटलेली जुनी जीन्स पाहा. भोकात आडवे पांढरे धागे लोंबत असतात, निळे उभे धागे आधीच तुटून गेलेले असतात.

१९७०च्या दशकात ही झीज कारखान्यातच करून द्यायची युक्ती निघाली. ती आपलीच, असा दावा फ्रान्स, कॅनडा आणि जपानमधल्या मंडळींनी केला आहे. शिवलेल्या जीन्स फिरत्या ड्रममध्ये प्युमिस दगडांबरोबर घुसळायच्या, हा स्टोन वॉश. प्युमिस हा ज्वालामुखीचा, पण पाण्यावर तरंगण्याइतका हलका आणि खरखरीत दगड. आपल्याकडचा काळा पाषाणही ज्वालामुखीचाच, पण तो घट्ट आणि जड. तो ड्रममध्ये टाकला तर जीन्सआधी ड्रमच जाईल. प्युमिसनेही यंत्र झिजतं, खिशात वाळू अडकते आणि पायघोळीच्या कडा, खिशांची तोंडं, जाड शिवणी जरुरीपेक्षा जास्त खरवडल्या जातात. मधलं कापड ठणठणीत आणि कड विरलेली, ही त्याची खूण.

दगडाला पर्याय मिळाला तो कुजक्या कापडातून. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचं सुती कापड भराभर कुजत होतं. त्यावरची एक बुरशी संशोधकांनी वेगळी केली. एल्विन रीस या शास्त्रज्ञाच्या नावावरून तिला पुढे ट्रायकोडर्मा रीसाय हे नाव मिळालं. कापसाचा सेल्युलोज तोडणारं सेल्युलेज हे एन्झाइम ती भरपूर बनवते. सैन्याचे तंबू जिने खाल्ले, तिचाच रस १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून जीन्स धुवायला वापरात आला. एन्झाइमचे रेणू मोठे असल्याने ते सुरुवातीला धाग्याच्या पृष्ठभागावरच कुरतडतात. सैल झालेले तंतू ड्रमच्या घुसळणीने निघतात आणि त्यांच्याबरोबर नीळही जाते.

समजा, ड्रममध्ये ६० किलो जीन्सचा घाणा आहे. आधी ताण्याची खळ काढावी लागते, नाहीतर घड्यांच्या रेघा उमटतात. मग किलोमागे आठ लिटर या हिशेबाने ४८० लिटर पाणी, साधारण ५० अंश तापमान, ॲसिटिक ॲसिडने पीएच पाचच्या आसपास आणि कापडाच्या एक टक्का, म्हणजे ६०० ग्रॅम, आम्ल सेल्युलेज. पाऊण तासात छटा येते. खरी मेख पुढे आहे. छटा आली म्हणून एन्झाइम थांबत नाही, त्याला मारावं लागतं. सोडा ॲश घालून पीएच दहाकडे न्यायचा, पाणी ८० अंशांपर्यंत तापवायचं आणि दहा मिनिटं फिरवायचं. इंधन वाचवायला ही पायरी गाळली, तर ओला माल ढिगात पडल्या पडल्याही कुरतडला जातो. आम्ल सेल्युलेज झपाट्याने काम करतं, पण ताकदही जास्त खातं आणि सुटलेली नीळ पुन्हा कापडावर बसवतं. जीन्सच्या खिशाचं पांढरं अस्तर निळसर दिसलं, तर हे बहुधा झालेलं असतं. न्यूट्रल सेल्युलेज वेळ जास्त घेतं, पण सौम्य असतं.

मऊपणा आणायची दुसरी रीत म्हणजे पीच फिनिश, त्यात ड्रम नसतो. सुती पँट किंवा शर्टाचं कापड शिवण्याआधीच एमरी कागद गुंडाळलेल्या फिरत्या रोलरांवरून नेतात. वरचे तंतू तुटून बारीक लव उभी राहते. वर जे धागे जास्त आलेले असतील त्यांचीच ताकद घटते, म्हणून पातळ कापडाला हे फिनिश जपून द्यावं लागतं. त्याच कापडाच्या शिवलेल्या पँटला नंतर एन्झाइम वॉश दिला, तर आधीच जखमी झालेल्या तंतूंवर दुसरा घाव बसतो.

ही घट लपवताही येते. शेवटच्या पाण्यात सिलिकॉन सॉफ्टनर घातला की धागे एकमेकांवरून घसरतात. फाडताना ताण एकाच धाग्यावर न येता चारपाच धाग्यांवर वाटला जातो आणि फाटण्याच्या चाचणीत आकडा वर जातो. सुताची स्वतःची ताकद मात्र तेवढीच उतरलेली असते. म्हणून घाऊक माल घेणाऱ्याने नुसता फाटण्याचा आकडा न पाहता पट्टी ताणून तोडण्याचा आकडाही मागावा, ताण्याचा आणि बाण्याचा वेगवेगळा, वॉशच्या आधीचा आणि नंतरचा.